असून नसलेल्यांच्या घरी पत्र लिहिताना

मराठी घरांत पत्रलेखनाचे काही ठरीव साचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. लग्नकार्याचे पत्र निराळे, परीक्षेतील यशाचे अभिनंदन निराळे, आजारपणात पाठविलेले धीराचे चार शब्द निराळे. अशुभ वार्तेच्या कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नसे आणि वाचून होताच ते फाडून टाकले जाई. कार्ड हाती पडताक्षणी, मजकूर वाचण्याआधीच, घराला काय ते कळे. आता कार्डे गेली आणि त्यांच्या जागी भ्रमणध्वनीवरचे निरोप आले. साचे मात्र तेच राहिले. शुभ असेल तर अभिनंदन, आजार असेल तर ‘लवकर बरे व्हा’, मृत्यू असेल तर सांत्वन. या तीन साच्यांत न बसणारे एक दुःख आज घरोघरी वाढते आहे आणि त्याच्यासाठी समाजाजवळ शब्द नाहीत.

घरातला माणूस समोरच्या खाटेवर आहे. श्वास चालू आहे, नाडी लागते आहे. पण पन्नास वर्षांच्या सहजीवनाची एकही खूण त्याच्या डोळ्यांत उमटत नाही. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाचे घर ते हे. त्या घराला आप्तेष्टांनी लिहायचे काय? ‘लवकर बरे व्हा’ लिहावे, तर हा आजार बरा होणारा नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. सांत्वन करावे, तर माणूस जिवंत आहे. मग बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. पहिल्या वर्षी येणारे लोक दुसऱ्या वर्षी फोन करतात आणि तिसऱ्या वर्षी तोही थांबतो. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. असते ती केवळ अडचण. परंतु त्या घराच्या वाट्याला येतो तो एकाकीपणाच.

आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने दिला आहे. म्हणजे असे घर ज्याच्या परिचयात नाही, असा वाचक विरळाच. त्या घराला पत्र लिहिणे हे कर्तव्य आहे. ते नीट लिहिले गेले नाही, तर मौनापेक्षाही अधिक बोचते. म्हणून ते कसे लिहावे, याचा थोडा विचार केला पाहिजे.

दोन प्रकारचे वियोग

या दुःखाला नाव देण्याचे काम पॉलीन बॉस या अमेरिकी विदुषीने केले. १९७० च्या दशकात त्या व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करीत होत्या. पती मेल्याची वार्ता नाही, परतण्याची खात्री नाही, अशा स्थितीत त्या स्त्रिया वर्षानुवर्षे ताटकळत होत्या. पुढे अल्झायमरच्या रुग्णांच्या घरी गेल्यावर बॉस यांना तीच अवस्था उलट बाजूने दिसली. एका ठिकाणी देह नाही पण माणूस मनात जिवंत आहे. दुसऱ्या ठिकाणी देह आहे पण माणूस हरवला आहे. या दोन्हींना त्यांनी एकच नाव दिले. मराठीत त्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले.

यातील पहिल्या प्रकाराची जाणीव आपल्या पूर्वजांना चांगलीच होती. परदेशी गेलेला वा बेपत्ता झालेला मनुष्य दीर्घकाळ परतला नाही, त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर १२ वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, असा प्रघात होता. पालाशविधी तो हाच. देह मिळाला नाही म्हणून कुटुंबाने जन्मभर उंबऱ्याकडे डोळे लावून बसू नये, ही त्यामागची दृष्टी. कायद्यानेही तेच केले: ७ वर्षे ज्याची काही खबर नाही, तो मृत आहे असे गृहीत धरण्याची वाट मोकळी ठेवली. धर्मशास्त्र असो वा न्यायशास्त्र, संदिग्धतेला कुठेतरी मुदत घातली पाहिजे हे दोघांनाही उमगले होते.

दुसऱ्या प्रकाराला मात्र मुदत नाही आणि विधीही नाही. माणूस समोर आहे, म्हणून सुतक नाही. चार लोक येऊन बसत नाहीत. शोक करावा, तर तो जिवंत माणसाचा अपमान वाटतो. न करावा, तर तो आतल्या आत साचत जातो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांकडे पाहताना बॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट विशेष आढळली. शुश्रूषा करणाऱ्यांचे खचणे आजार किती बळावला आहे यावर फारसे अवलंबून नव्हते. आपला माणूस ‘आहे’ की ‘नाही’ या संभ्रमाशी ते अधिक जोडलेले होते. मलमूत्र काढण्याचे कष्ट माणूस सोसतो. हे आपण कोणासाठी करीत आहोत, या प्रश्नाने तो मोडतो. पत्राला काही काम असेल तर ते इथेच आहे.

हयातीचा दाखला

एक घर डोळ्यांपुढे आणू. ते कोणते एक विशिष्ट घर नव्हे. अशी घरे गावोगाव आहेत. सांगलीसारख्या गावात राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८. घरात सारे त्यांना नाना म्हणतात. पत्नी ७२ वर्षांची. मुलगा आणि सून त्याच घरात राहतात. मुलगी बंगळुरूला असते आणि वर्षातून दोनदा येते. निदान होऊन आठ वर्षे झाली.

प्रारंभी नाना तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारीत. मग पैशांचा हिशेब चुकू लागला. पुढे दिवेलागणीच्या वेळी, स्वतःच्याच घरात बसून, ‘घरी जायचंय’ असा हट्ट सुरू झाला. एके दिवशी त्यांनी पत्नीला ‘ताई’ म्हणून हाक मारली, आणि काही महिन्यांनी तीही हाक थांबली. आज त्यांच्याजवळ पाच-सहा शब्द उरले आहेत. चालता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. घास तोंडात तसाच धरून ठेवतात, गिळण्याचे विसरतात. त्यामुळे वाटीभर पेज भरवायला पाऊण तास लागतो. अन्नाचा कण श्वासनलिकेत गेला, तर ठसका, ताप आणि न्यूमोनिया असा क्रम ठरलेला. गेल्या हिवाळ्यात तसे झाले. मुलगी धावत आली, सर्वांनी मनोमन निरोप घेतला, आणि नाना त्यातून उठले. सगळे घर पुन्हा पूर्वीच्या जागी आले.

हा टप्पा मृत्यूकडे जाणारा आहे. पण तारीख कोणी सांगू शकत नाही. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील शुश्रूषागृहांतल्या अशा ३२३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण दीड वर्षाच्या आत गेले. याचाच अर्थ, निम्म्याच्या जवळपास त्यानंतरही होते. अशा घरात ‘शेवटची भेट’ एकदा होत नाही. ती पुन्हापुन्हा होते.

दर नोव्हेंबरात या घरात आणखी एक प्रसंग घडतो. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्या मास्तरांनी हजारो गुणपत्रिकांवर सह्या केल्या, त्यांच्या अंगठ्याला शाई लावून पत्नी तो कागदावर टेकविते. नाना हयात आहेत, असे कागद सांगतो. त्यात खोटे काहीच नाही. तरीही त्या क्षणी तिच्या मनात काय येत असेल, हे ज्याला उमजले, त्याला पत्र लिहिता येईल.

नेहमीचे पत्र कुठे चुकते?

चांगल्या हेतूने लिहिलेल्या पत्रांतही काही वाक्ये हमखास येतात. ती वाचणाऱ्याच्या बाजूने ऐकून पाहिली पाहिजेत.

‘नाना ओळखतात का?’ हे वाक्य बहुधा पहिल्याच ओळीत असते. विचारणाऱ्याला ती प्रकृतीची चौकशी वाटते. पत्नीला मात्र ती रोजची परीक्षा आहे आणि तिचा निकाल तिला माहीत आहे. ‘नाही’ असे उत्तर तिने प्रत्येकाला किती वेळा लिहावे?

‘नाना किती थोर मनाचे होते!’ यातील गोम क्रियापदात आहे. ‘होते’ या एका शब्दाने लिहिणारा नानांना घरातून उचलून नेतो. आपली भाषा यात फार सूक्ष्म आहे. ‘नाना मुलांना गणित शिकवीत’ असे लिहिले, तर ते त्यांच्या कार्याबद्दल झाले; त्यात वावगे काही नाही. परंतु माणसाबद्दल, स्वभावाबद्दल, नात्याबद्दल लिहिताना ‘आहेत’ हेच हवे. कृती भूतकाळात, माणूस वर्तमानकाळात, एवढा नियम पाळला तरी पत्र पुष्कळसे सुधारते. पत्नीच्या नावामागे ‘सौ.’ लिहावयाचे, आणि तिच्या पतीला ‘होते’ म्हणावयाचे, ही विसंगती तिच्या नजरेतून सुटत नाही.

‘बाहेरून दिसत नसले तरी आतून त्यांना सगळे कळते.’ ‘त्यांना आता काही कळत नाही, हेच बरे.’ ही दोन वाक्ये परस्परविरुद्ध आहेत आणि दोन्ही सारखीच अनाठायी आहेत. या टप्प्यात नाव आणि चेहरा यांची सांगड तुटलेली असते. ओळखीचा आवाज, हाताचा स्पर्श, लहानपणापासून कानांवर पडलेले एखादे स्तोत्र यांना काही रुग्ण प्रतिसाद देतात. श्वास संथ होतो, आवळलेली मूठ सैल होते. काही देत नाहीत. आत काय आहे, याची ग्वाही कोणालाच देता येत नाही. तेव्हा पत्राने ती देऊ नये. पहिल्या वाक्याने घरच्यांवर अपराधाचे ओझे येते, दुसऱ्याने त्यांची सेवा व्यर्थ ठरते.

‘अजून नाकातून नळी का घातली नाही?’ खाणे कमी झाले की हा प्रश्न येतो, आणि तो विचारणारा बहुधा दूरचा असतो. वस्तुस्थिती अशी की, अशा अखेरच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते वा न्यूमोनिया टळतो, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. अमेरिकेतील वृद्धारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात नळीऐवजी हाताने, काळजीपूर्वक भरविण्याचाच सल्ला दिला आहे. रुग्णाला टेकून बसवून, लहान घास देत, गिळला याची खात्री करून मग पुढचा. सून रोज करते आहे ते नेमके हेच. तिला पत्रातून जाब विचारणे अन्यायाचे आहे. हा निर्णय कुटुंबाने आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावयाचा असतो. तो पत्राचा विषय नव्हे.

आणि शेवटी, ‘काही लागले तर हक्काने सांगा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मोकळे करते आणि वाचणाऱ्याला कामाला लावते. काय लागते ते ठरवायचे तिने, मागायचे तिने, संकोचही तिनेच गिळायचा. आठ वर्षांत ती कोणाला काही सांगत नाही, याचे कारण हे आहे.

पत्र असे असावे

नानांबरोबर एके काळी एकाच शाळेत शिकविलेला एक सहकारी त्याच गावात राहतो. त्याने लिहावयाचे पत्र साधारण असे असेल:

“सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हांला आहे. नानांची प्रकृती सूनबाईंकडून कळत असते, त्यामुळे ती विचारीत नाही. उत्तर लिहिण्याचे मनावर घेऊ नका.

नाना घरात आहेत. आणि ज्या नानांशी तुम्ही बोलत होता, ते घरात नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दोन्ही धरून रोजचा दिवस काढणे किती जड असेल, हे दुरून पुरते कळणार नाही. माणूस गेला तर लोक येऊन बसतात. तुमच्या दुःखात तसे कोणी येत नाही. ते आम्हांला दिसते आहे, एवढे सांगण्यासाठी लिहितो आहे.

एक आठवण सांगतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी नाना पास झालेल्यांच्या घरी कधी जात नसत. नापास झालेल्यांच्या घरी जात. सायकल भिंतीला टेकवीत, ओसरीवर बसत, चहा मागून घेत, आणि निकालाबद्दल चकार शब्द न काढता ऑक्टोबरच्या परीक्षेचा कोरा अर्ज खिशातून काढून पुढे ठेवीत. माझ्या भाच्यासाठी ते आमच्याही घरी आले होते. तो अर्ज त्यांनी स्वतः भरला आणि भाच्याने फक्त सही केली. हे त्यांनी तुम्हांला कधी सांगितले नसेल. नानांना वाचून दाखवावेसे वाटले तर दाखवा. त्यांना कळेल की नाही, मला ठाऊक नाही. तुमचा आवाज कानांवर पडेल.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत अर्ज देऊन त्यांचा माणूस घरी आणण्याचे काम यंदा माझ्याकडे. आदल्या दिवशी कळवीन. शिवाय दर गुरुवारी चार ते सहा मी नानांजवळ बसेन. त्या दोन तासांत देवळात जा, झोपा, नाहीतर नुसत्या गच्चीवर बसा. गुरुवार सोयीचा नसेल तर सूनबाईंना सांगायला सांगा, दुसरा वार धरू.

कधी थकवा येत असेल, कधी राग येत असेल, कधी मनात असे काही येऊन जात असेल की ज्याची नंतर आपली आपल्याला लाज वाटावी. इतकी वर्षे सेवा करणाऱ्या कोणत्याही माणसाचे असे होते. त्याने तुमच्या मायेत काही उणे होत नाही.

सूनबाईंना आणि दिवसा येणाऱ्या मावशींना माझा नमस्कार सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन.”

या पत्रात अलंकार नाहीत. पण त्याचा प्रत्येक भाग काही काम करतो. ‘आहेत आणि नाहीत’ हे वाक्य त्याचा कणा आहे. पत्नीला गेली काही वर्षे दोन्ही बाजूंनी ओढले जाते आहे: काही म्हणतात आशा सोडू नका, काही म्हणतात आता मन घट्ट करा. दोहोंपैकी एक निवडण्याची सक्ती हेच तिचे दुखणे. दोन्ही खरे आहे असे कोणी सरळ लिहिले, की ती सक्ती सैल होते. बॉस यांनी अशा कुटुंबांसाठी जे सांगितले त्याचे सार हेच: संदिग्धता मिटविता येत नसेल, तर ती सोबत घेऊन जगण्याचे बळ वाढवावे.

आठवण तपशिलाची आहे, आणि पत्नीला ठाऊक नसलेली आहे. ‘नाना फार चांगले शिक्षक’ हे तिला माहीतच आहे; त्याने तिच्या हाती नवे काही येत नाही. सायकल, ओसरी, खिशातला कोरा अर्ज यांनी मात्र नानांचा एक तुकडा तिला नव्याने मिळतो. आठ वर्षे ज्याच्याकडून रोज काही ना काही गळून पडते आहे, त्याच्यात काही भर पडण्याचा हा एवढाच मार्ग उरला आहे. दूर राहणाऱ्याला गुरुवारी येता येणार नाही. पण आठवण त्यालाही पाठविता येते. एखादा जुना गटफोटो सापडला, तर त्यामागे साल आणि नावे लिहून पाठवावा.

मदत दिवस-वेळ धरून देऊ केली आहे. ती घ्यायला तिला फक्त नकार न देणे पुरेसे आहे. अर्थात जो बसणार, त्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. हौसेने पाणी वा घास भरवू नये, कारण पातळ पाणीच सर्वांत आधी ठसका लावते. कूस बदलण्याची वेळ झाली तर मावशींना हाक मारावी. बोलायचे तर हळू, समोरून, हात हातात घेऊन. न बोलता वर्तमानपत्र वाचीत बसले तरी चालते.

थकवा आणि राग यांबद्दलच्या चार ओळी सर्वांत नाजूक आहेत. ‘हे आता संपावे’ असे मनात येणे आणि त्याच दिवशी संध्याकाळी ताप भरला म्हणून जीव घाबरणे, हे एकाच माणसाच्या ठायी घडते. त्याची तिला शरम वाटते आणि ती कोणाजवळ बोलत नाही. पत्राने ती इच्छा तिच्या तोंडी घालू नये. ‘सुटतील एकदाचे’ असे तर चुकूनही लिहू नये. असे विचार येतात, आणि त्यांनी माया खोटी ठरत नाही, एवढेच म्हणून थांबावे. पुढचे बोलायचे की नाही, हे तिने ठरवावे.

एकाच घरात अनेक वियोग

या घरात दुःख एकच नाही. रोज पाहणाऱ्या पत्नीला उतार कळत नाही, इतका तो सावकाश आहे. सहा महिन्यांनी येणाऱ्या मुलीला तो प्रत्येक वेळी कड्यावरून कोसळल्यासारखा दिसतो. तिला वाटते, घरच्यांनी आपल्याला खरे सांगितले नाही किंवा काळजी नीट घेतली नाही. मुलाला वाटते, दोन दिवसांसाठी येऊन ही दोष काढते. दोघेही खरे बोलत असतात; दोघांचे नाना वेगवेगळ्या दिवशी हरवले आहेत. म्हणून शक्य असेल तर मुलीला वेगळे पत्र लिहावे, सुनेला वेगळे. मुलीला लिहिताना ‘आई किती करते’ असे लिहून तिला कमीपणा देऊ नये. दूर राहून झुरण्याचेही कष्ट असतात. आणि सुनेला तर अशा घरात बहुधा कोणीच लिहीत नाही. तिचा सासरा, म्हणून तिचे कर्तव्य, येथवर सर्वांचा हिशेब संपतो. तिच्या नावाने आलेल्या दोन ओळींचे मोल ती जन्मभर विसरत नाही.

पत्र एकदाच लिहून भागत नाही. मरणाचे दुःख पहिल्या तेरा दिवसांत सर्वाधिक दिसते, म्हणून सांत्वनाचे पत्र एकच पुरते. हे दुःख वर्षानुवर्षे सपाट पसरलेले असते. म्हणून पत्रही महिन्या-दोन महिन्यांनी जावे. लांब नको, एक पान, शक्य तर हाताने आणि मोठ्या अक्षरांत. फोन नेमका घास भरविण्याच्या वेळी वाजतो. पत्र मात्र रात्री, सर्व निजल्यावर, आपल्या सवडीने उघडता येते आणि पुन्हा वाचता येते.

आणि एक दिवस नाना जातील. त्या दिवशी भ्रमणध्वनी निरोपांनी भरून जाईल आणि त्यांतील पुष्कळांत ‘सुटले’ हा शब्द असेल. लोक मानतील की, या घराचे रडणे पूर्वीच होऊन गेले आहे. ते तसे नसते. ज्याच्यासाठी दर दोन तासांनी उठायचे, तो माणूस गेल्यावर पत्नीला हायसे वाटेल, त्या हायसे वाटण्याची लाज वाटेल, आणि रात्री दोन वाजता सवयीने जाग येऊन खाट रिकामी दिसेल. त्या आठवड्यात लिहिलेल्या पत्रात दोन्ही वियोगांचा उल्लेख असावा: आठ वर्षे चाललेल्या आणि आत्ता घडलेल्या. ‘तुम्ही त्यांना दोनदा निरोप दिलात’ असे एक वाक्य लिहिणारा माणूस त्या घराला कळलेला माणूस असेल. ज्याने आधीची पत्रे लिहिली, त्यालाच ते लिहिण्याचा अधिकार पोहोचतो.

संपर्क आणि घरभेटी ही ज्यांची सवय आहे, त्यांच्या वहीत अशा एखाद्या घराचा पत्ता असतोच. काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून गेली दोन-तीन वर्षे तिकडे पत्र गेलेले नसते. ज्या घराला आपण भेट देणे सोडले, ते घर शोधून काढावे. वर दिलेले पत्र समोर ठेवावे, त्यातील सायकलीच्या जागी आपली आठवण आणि गुरुवारच्या जागी आपला वार घालावा, आणि या आठवड्यातच ते टपालात टाकावे.